विश्लेषण : फोटो नेमका कुठला? रिव्हर्स इमेज सर्च काय सांगतं आणि कुठे फसवतं?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी साडेसातच्या शिफ्टला डेस्कवर एक फोटो आला. जांभ्या दगडाची संरक्षक भिंत कोसळून रस्त्यावर आलेली, मागे दाट झाडी, धुकं, एक ट्रक आडवा थांबलेला. सोबत एकच ओळ होती : कोकणातल्या एका घाटात दरड कोसळली, रस्ता बंद. पावसाळ्यात असे दहा फोटो रोज येतात आणि त्यातले निम्मे जुने निघतात. म्हणून मी नेहमीप्रमाणे फोटो गुगल लेन्समध्ये टाकला. समोर तशाच लाल भिंती, तशीच झाडी, तसंच धुकं असलेले फोटो आले. पहिल्या सहापैकी चार फोटोंच्या खाली केरळमधल्या गावांची नावं होती. मी आमच्या ग्रुपवर लिहून टाकलं, ‘केरळचा वाटतोय, घेऊ नका.’

अर्ध्या तासाने आमच्या त्या भागातल्या बातमीदाराचा फोन आला. ‘अगं, केरळचा कसला? मी त्या भिंतीसमोर उभा आहे. पलीकडे गाड्यांची रांग लागलीय.’

फोटो खरा होता, त्याच सकाळचा होता आणि रस्ता खरोखरच बंद होता. खोटी बातमी रोखायची म्हणून मी खरी बातमी अर्धा तास रोखून धरली. तेवढ्या वेळात आणखी किती गाड्या घाटाच्या पायथ्याशी जाऊन अडकल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पण चूक माझी होती. मी एका साधनाला जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर ते देतच नव्हतं.

हे फक्त बातमीदारांचं दुखणं नाही. सोसायटीच्या ग्रुपवर, गावाच्या ग्रुपवर आता कुणी ना कुणी ‘लेन्स करून बघितलं’ असं म्हणून निकाल देतं. तो निकाल कधी बरोबर असतो आणि कधी नसतो, हे समजण्यासाठी हे साधन आतून काय करतं ते पाहावं लागेल.

रिव्हर्स इमेज सर्च म्हणजे नेमकं काय?

नेहमीच्या सर्चमध्ये आपण शब्द देतो आणि फोटो मिळवतो. इथे उलट. आपण फोटो देतो आणि तो, किंवा त्याच्यासारखे फोटो इंटरनेटवर कुठे आहेत ते मिळवतो. टिनआय ही सेवा २००८ मध्ये आली, गुगलने फोटो देऊन शोधण्याची सोय २०११ मध्ये दिली, लेन्स २०१७ मध्ये आलं. बिंग आणि यांडेक्स यांचीही अशी साधनं आहेत.

मात्र ‘तोच फोटो’ शोधणं आणि ‘त्याच्यासारखा फोटो’ शोधणं ही दोन वेगवेगळी कामं आहेत. टिनआय प्रामुख्याने पहिलं काम करतं. लेन्स दोन्ही करतं, आणि दोन्हींचे निकाल एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दाखवतं. माझी फसगत तिथेच झाली.

‘तोच फोटो’ संगणक ओळखतो कसा?

फोटोचा एक छोटा ठसा तयार केला जातो. कंपन्या आपली संपूर्ण पद्धत उघड करत नाहीत, पण तत्त्व समजण्यासाठी एक सोपी आणि प्रसिद्ध पद्धत पुरेशी आहे. तिला डी-हॅश म्हणतात.

समजा, तुमच्याकडे एक मोठा रंगीत फोटो आहे. आधी तो कृष्णधवल करायचा. मग तो इतका लहान करायचा की आडवे ९ आणि उभे ८ एवढेच ठिपके उरतील. आता प्रत्येक ओळीत डावीकडून सुरुवात करून विचारायचं, हा ठिपका उजवीकडच्या ठिपक्यापेक्षा उजळ आहे का? हो असेल तर १, नसेल तर ०. एका ओळीत ९ ठिपके म्हणजे ८ तुलना. अशा ८ ओळी. एकूण ६४ उत्तरं. हा ६४ आकडी ठसा म्हणजे त्या फोटोची ओळख.

याचा फायदा असा, की फोटो व्हॉट्सअॅपवरून दहा वेळा फिरून धूसर झाला, कुणी थोडा उजळ केला, आकार लहान केला, तरी कुठला भाग कुठल्या भागापेक्षा उजळ हे बहुधा बदलत नाही. ६४ पैकी चार-पाच उत्तरं इकडेतिकडे होतात, बाकी तीच राहतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन फोटोंत साधारण निम्मी, म्हणजे ३२ च्या आसपास उत्तरं वेगळी येतात. त्यामुळे फरक अगदी कमी असेल तर हे दोन्ही एकाच फोटोच्या प्रती आहेत, असं बऱ्याच खात्रीने म्हणता येतं.

या पद्धतीच्या मर्यादाही त्यातच दिसतात. फोटो आरशात बघितल्यासारखा उलटा केला की डावं-उजवं बदलतं आणि ठसा मोडतो. फोटोचा एक तृतीयांश भाग कापला की ठिपके वेगळ्या जागी पडतात आणि ठसा पुन्हा मोडतो. प्रत्यक्षात वापरात असलेली साधनं याहून हुशार आहेत, थोडीफार काटछाट त्यांना चालते. पण खोडसाळपणे उलटा केलेला फोटो आजही कधीकधी त्यांच्या हातून निसटतो.

हे काम छान जमतं त्याचं उदाहरण?

जून २०१७ मध्ये आपल्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या वार्षिक अहवालातला एक फोटो चर्चेत आला. सीमेवर दिव्यांचे झगमगते खांब, लांबच लांब कुंपण. भारताच्या सीमेवर लावलेले प्रकाशझोत म्हणून तो छापला होता. प्रत्यक्षात तो स्पेन आणि मोरोक्को यांच्या सीमेचा, २००६ मध्ये एका स्पॅनिश छायाचित्रकाराने काढलेला फोटो होता. ‘ऑल्ट न्यूज’ने ते उघड केलं आणि मंत्रालयाला चौकशी करावी लागली.

इथे जागा कळली, पण कशी? कुंपणाची रचना, जमिनीचा उतार किंवा दिव्यांची ठेवण पाहून संगणकाने ‘हे स्पेन’ असं ओळखलं नाही. तोच फोटो आधीपासून इंटरनेटवर होता आणि त्याच्याखाली माणसाने लिहिलेली ओळ होती. संगणकाने जुळं भावंड शोधून दिलं, गावाचं नाव त्या भावंडाच्या गळ्यातल्या पाटीवर होतं.

एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. रिव्हर्स सर्चला जागा माहीत नसते, त्याला फोटो माहीत असतात. जागेचं नाव येतं ते दुसऱ्या कुणीतरी लिहिलेल्या मजकुरातून. तो मजकूर बरोबर असेल तर उत्तर बरोबर. आणि जो फोटो आधी कधी इंटरनेटवर आलाच नाही, त्याची प्रत सापडणार कुठून?

मग प्रत नसताना लेन्स काहीतरी दाखवतं, ते काय असतं?

तेव्हा दुसरी पद्धत पुढे येते. लाखो फोटोंवर शिकवलेलं एक मॉडेल तुमच्या फोटोचं रूपांतर काही शे आकड्यांच्या एका यादीत करतं. ज्या दोन फोटोंत सारख्या गोष्टी दिसतात, त्यांच्या याद्या एकमेकींच्या जवळ येतात. मग साधन तुमच्या यादीच्या सर्वांत जवळच्या याद्या असलेले फोटो काढून दाखवतं.

माझ्या घाटाच्या फोटोचं काय झालं असेल ते आता कळेल. त्या फोटोत लाल दगड, हिरवी झाडी, धुकं आणि ओला रस्ता होता. या चार गोष्टींच्या जवळचे फोटो आले. पण जांभा दगड रत्नागिरी-सिंधुदुर्गापुरता थोडाच आहे? तो गोव्यात आहे, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आहे, केरळात तर घरं त्याचीच बांधतात. केरळ हा पर्यटकांचा प्रदेश, तिथले फोटो इंटरनेटवर भरपूर. आपल्या घाटातल्या त्या वळणावर थांबून भिंतीचा फोटो कोण काढणार? त्यामुळे ‘जवळचे’ म्हणून जे आले ते ज्या जागेचे जास्त फोटो काढले जातात त्या जागेचे आले. मी त्याला जागेचा पुरावा समजले. तो फक्त गर्दीचा पुरावा होता.

आता तुम्ही म्हणाल, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा फोटो दिला तर लेन्स अचूक नाव सांगतं. खरं आहे. तिथे तिसरी युक्ती कामी येते. कमानींचे कोपरे, घड्याळाची चौकट, घुमटाच्या कडा असे शेकडो ठळक बिंदू साधन दोन फोटोंत जुळवून पाहतं. नुसते बिंदू सारखे असून भागत नाही, त्यांची एकमेकांपासूनची मांडणीही जुळावी लागते. अशा इमारतीचे हजारो फोटो, हजारो कोनांतून आधीच जमा असतात, म्हणून हे जमतं. धुक्यातल्या झाडीत आणि कोसळलेल्या भिंतीत असे टिकाऊ कोपरे नसतात. शिवाय भिंत कोसळली म्हणजे तिची कालची मांडणीही मोडली.

म्हणजे गंमत अशी, की ज्या जागा आपण न विचारताही ओळखू शकतो त्या साधनाला उत्तम ओळखता येतात. ज्या जागांसाठी आपल्याला खरोखर मदत हवी असते, तिथे ते अडखळतं. आणि अडखळलं तरी ते गप्प बसत नाही, काहीतरी दाखवतंच. ‘जुळलं नाही’ असं साधन स्पष्ट म्हणालं असतं, तर त्या सकाळी मी थांबले असते.

‘काहीच सापडलं नाही’ म्हणजे फोटो नवा आणि खरा?

नाही. ही उलट बाजूची चूक. अनेकदा लोक लिहितात, ‘रिव्हर्स सर्च केलं, जुना सापडला नाही, म्हणजे आजचाच.’ पण शोध साधनांना सगळं इंटरनेट दिसत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुप, बंद फेसबुक ग्रुप, खासगी इन्स्टाग्राम खाती त्यांच्या आवाक्याबाहेर असतात. व्हिडिओचा तर प्रत्येक क्षण कुणी फोटो म्हणून साठवून ठेवत नाही. पाच वर्षांपूर्वी कुणाच्या तरी ग्रुपवर फिरलेला व्हिडिओ आज पुन्हा आला तर सर्चच्या लेखी तो नवाच असतो.

फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद असते, ती बघावी असंही कुणी सुचवतं. मूळ कॅमेऱ्यातल्या फाइलमध्ये ती असू शकते. पण व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की ही नोंद गळून पडते. आपल्यापर्यंत येतो तो बिनपत्त्याचा फोटो.

मग सर्चने हात टेकल्यावर जागा शोधतात कशी?

याचं मला सर्वांत शिकण्यासारखं वाटलेलं उदाहरण आफ्रिकेतलं आहे. जुलै २०१८ मध्ये एक भयंकर व्हिडिओ फिरू लागला. गणवेशातले काही जण दोन स्त्रियांना आणि दोन लहान मुलांना एका कच्च्या रस्त्याने नेतात, त्यांच्या डोळ्यांवर कापड बांधतात आणि गोळ्या घालतात. हे कॅमेरूनचे सैनिक आहेत, असा आरोप होता. कॅमेरून सरकारने आधी तो खोटा ठरवला. हे मालीतलं आहे, असंही म्हटलं जात होतं. म्हणजे सगळा वाद एका प्रश्नावर येऊन ठेपला : ही जागा कुठली?

रिव्हर्स सर्चचा इथे काय उपयोग? कच्चा रस्ता, खुरटी झाडं, मातीची घरं. असे फोटो साहेलच्या पट्ट्यात कुठलेही असू शकतात. त्या वाटेचा पर्यटकाने काढलेला, नाव लिहिलेला फोटो इंटरनेटवर असण्याचं कारण नव्हतं. मॉडेलला ‘सारखं’ दिसणारं भरपूर होतं, ‘तेच’ असं काही नव्हतं.

बीबीसीच्या ‘आफ्रिका आय’ या चमूने वेगळा मार्ग धरला. व्हिडिओच्या पहिल्या ४० सेकंदांत माणसांच्या मागे, लांबवर, डोंगरांची एक रांग दिसते. त्यांनी माणसांकडे बघणं थांबवून त्या रांगेची वरची कड पाहिली. कुठे टोक, कुठे खाच, कुठे उतार. डोंगराची कड ही जागेची खरी ओळख असते, कारण ती हलत नाही, पावसाळ्यात-उन्हाळ्यात बदलत नाही आणि अनेक किलोमीटरवरून दिसते. मग गुगल अर्थवर उत्तर कॅमेरूनचे डोंगर जमिनीच्या पातळीवरून बघत त्यांनी ही कड शोधायला सुरुवात केली. बरेच तास काही हाती लागलं नाही. अखेर कॅमेरूनमधल्या एका माणसाने सुचवलं, झेलेवेत गावाच्या आसपास पाहिलंत का? नायजेरियाच्या सीमेजवळचं हे गाव. तिथे कड जुळली.

इथे दोन गोष्टी टिपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, शोधाचा परिसर आवळला तो संगणकाने नव्हे, त्या मुलखाच्या माणसाने. दुसरी, कड जुळल्यावर ते थांबले नाहीत. व्हिडिओत दिसणारी घरं, झाडं, रस्त्याची वळणं उपग्रहाच्या छायाचित्रात त्याच जागी आहेत का, हे एकेक करून तपासलं. एका खुणेची गाठ योगायोगाने पडू शकते. एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच खुणा एकाच ठिकाणी जुळल्या तर योगायोगाला जागा उरत नाही.

मग प्रश्न आला, कधीची घटना? जुन्या उपग्रह छायाचित्रांच्या ओळीत व्हिडिओतली एक इमारत फेब्रुवारी २०१६ पर्यंतच दिसत होती. दुसरं एक बांधकाम नोव्हेंबर २०१४ च्या छायाचित्रात अजून नव्हतं. म्हणजे घटना या दोन तारखांच्या मधली. व्हिडिओतली पायवाट फक्त कोरड्या, उष्ण महिन्यांत उमटते. शेवटी चालणाऱ्या सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्य आकाशात किती वर आणि कुठल्या दिशेला होता ते काढलं. ठिकाण पक्कं ठाऊक असल्यामुळे सूर्य तिथे असा कुठल्या दिवसांत असतो हे गणित करता आलं. उत्तर निघालं, २० मार्च ते ५ एप्रिल २०१५.

सप्टेंबर २०१८ मध्ये हा तपास प्रसिद्ध झाला. त्याआधी ऑगस्टमध्येच सरकारने भूमिका बदलून सात सैनिकांना अटक झाल्याचं सांगितलं होतं. २०२० मध्ये तिथल्या लष्करी न्यायालयाने चौघांना १० वर्षांची शिक्षा सुनावली. ज्या व्हिडिओला ‘आमच्या देशातला नाही’ म्हणून झटकलं जात होतं, त्याची जागा पक्की झाल्यावर तसं म्हणणं अवघड झालं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत का?

आहेत. गुगल अर्थवरचे डोंगर म्हणजे ठरावीक अंतरांवर मोजलेल्या उंचींवरून उभी केलेली आकृती असते. बऱ्याच भागांत हे अंतर साधारण ३० मीटर असतं. त्यामुळे लांबची मोठी रांग छान जुळते, पण जवळची टेकडी, सुळका किंवा कातळाची धार त्यात गुळगुळीत होऊन जाते. सपाट प्रदेशात कडच नसते. विदर्भातल्या कापसाच्या शेतात उभं राहून काढलेल्या फोटोला ही युक्ती लावता येणार नाही. आणि धुकं असेल तर आमच्या घाटातही नाही.

रस्त्यावरून टिपलेली दृश्यं दाखवणारं स्ट्रीट व्ह्यू शहरांत मोठी मदत करतं. पण ते भारतात २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा १० शहरांपुरतं होतं. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर ही आपल्याकडची चार. तालुक्याच्या गावातली गल्ली किंवा घाटातलं वळण तिथे मिळेलच याची खात्री नाही.

मोबाइलवर आपण काय करू शकतो?

माझ्या चुकीकडे परत येते, कारण त्यातच उत्तर आहे. फोन ठेवल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला, बोटांनी मोठा केला. डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, गवतात अर्धा बुडालेला किलोमीटरचा दगड होता. त्याचं डोकं हिरवं होतं, म्हणजे राज्य महामार्ग. आणि खाली गावाच्या नावाची दोन अक्षरं दिसत होती. देवनागरी. केरळातल्या राज्य रस्त्यावर गावाचं नाव देवनागरीत कोण लिहील? उत्तर फोटोतच होतं. पण लेन्सने आपोआप मधल्या भिंतीभोवती चौकट आखली होती, आणि मी ती चौकट हलवलीच नाही.

म्हणून पहिलं काम, चौकट हलवा. फोटोतलं माणूस, गाडी, आग, पाणी हे आपलं आणि साधनाचं दोघांचंही लक्ष खेचतं. पण त्या गोष्टी कुठेही असू शकतात. चौकटीचे कोपरे ओढून मागच्या इमारतीवर, पाटीवर, मंदिराच्या कळसावर, डोंगराच्या कडेवर न्या आणि प्रत्येकाचा वेगळा शोध घ्या. व्हिडिओ असेल तर जिथे कॅमेरा मागचं दृश्य दाखवतो तो क्षण थांबवून स्क्रीनशॉट घ्या. काही न सापडल्यास फोटो आडवा उलटा करून पुन्हा एकदा बघा. अक्षरं उलटी दिसत असतील तर तो कुणीतरी उलटवलेला आहे हे तिथेच कळतं.

दुसरं, मिळालेल्या निकालाला एकच प्रश्न विचारा : हा तोच फोटो आहे की तसाच? दोन्ही शेजारी ठेवा. तोच असेल तर ढगाचा आकार, ट्रकची जागा, सावलीची दिशा सगळं तंतोतंत जुळेल. मग तो सर्वांत आधी कुठे आला ते पाहा. टिनआयमध्ये निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. पण नुसता ‘तसाच’ असेल तर त्याखालचं गावाचं नाव विसरून जा. तो पुरावा नाही, फार तर शोध कुठून सुरू करावा याचा इशारा आहे.

तिसरं, हलणाऱ्या आणि न हलणाऱ्या खुणा वेगळ्या करा. एमएच ०८ पाटीची गाडी रत्नागिरीत नोंदलेली असते, पण ती केरळातही जाते. दुकानाची पाटी जात नाही. दुकानाच्या पाटीवर जीएसटी क्रमांक लिहिलेला असतो, त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, कर्नाटकाचे २९, केरळचे ३२. पाटीवरचं नाव वाचता आलं नाही तरी कधीकधी हे दोन आकडे दिसतात.

आणि शेवटचं, न जुळणाऱ्या गोष्टी मुद्दाम शोधा. आपल्याला एकदा ‘हे केरळ’ वाटलं की डोळे केरळच्याच खुणा गोळा करतात. मी तेच केलं. देवनागरी अक्षरांची एकच खूण माझा सगळा अंदाज मोडायला पुरेशी होती, पण ती शोधायला मी गेलेच नाही.

मग या साधनावर विश्वास ठेवायचा की नाही?

माझं मत स्पष्ट आहे. जुना फोटो नवा म्हणून फिरत असेल, तर तो पकडायला रिव्हर्स सर्चइतकं सोपं साधन सामान्य माणसाकडे दुसरं नाही. पण जागेच्या बाबतीत त्याच्या एका निकालावर ‘खरं’ किंवा ‘खोटं’ असा शिक्का मारणं आपण सगळ्यांनी थांबवलं पाहिजे. त्यात आम्ही वृत्तपत्रवालेही आलो. ‘रिव्हर्स सर्चमध्ये आढळलं’ एवढं लिहून आम्ही मोकळे होतो. काय आढळलं, तीच प्रत की तसंच दृश्य, कुठल्या खुणा जुळल्या आणि कुठली जुळली नाही, हे लिहिलं पाहिजे. म्हणजे वाचकाला ते स्वतः तपासता येईल आणि आमची चूकही पकडता येईल.

कारण खरा फोटो खोटा ठरवण्याची किंमत खोटा खरा मानण्याइतकीच असते. एका ठिकाणी ती किंमत चार जणांच्या हत्येचा तपास होती. आमच्या घाटात ती अर्ध्या तासाची गाड्यांची रांग होती. आता मी असा फोटो आला की लेन्स उघडण्याआधी तो बोटांनी मोठा करून चारही कोपरे बघते. आणि त्यानंतर त्या भागातल्या बातमीदाराला फोन लावते. झेलेवेतचं नावही अखेर एका माणसानेच सुचवलं होतं.